तीन क्षितिजांचे प्रतिमान (वाहनांचे सुटे भाग उद्योग)

तीन क्षितिजांचे प्रतिमान ही एखाद्या उद्योगसंस्थेच्या कामांची आणि गुंतवणुकीची तीन गटांत मांडणी करण्याची व्यवस्थापनशास्त्रातील पद्धत आहे. पहिल्या क्षितिजात आज पैसा मिळवून देणारा मूळ व्यवसाय येतो. दुसऱ्यात ग्राहक मिळू लागलेले, पण अद्याप स्थिरावलेले नसलेले नवे व्यवसाय येतात. तिसऱ्यात लहान प्रयोगांच्या रूपाने राखून ठेवलेल्या दूरच्या शक्यता येतात. प्रस्तुत लेखात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्याच्या संदर्भात या प्रतिमानाचा विचार केला आहे. इंजिनावर अवलंबून असलेला भाग विद्युत वाहनांमुळे कालांतराने अनावश्यक ठरणार असेल, तर त्याच भागातून मिळणारा पैसा कोठे आणि किती लावावा, हा या कारखान्यांपुढील प्रश्न आहे.

## पार्श्वभूमी

मेहरदाद बगाई, स्टीफन कोली आणि डेव्हिड व्हाइट यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अल्केमी ऑफ ग्रोथ' या पुस्तकातून हे प्रतिमान सर्वत्र परिचित झाले. त्याचा उगम मॅकिन्झी या सल्लागार संस्थेतील कामात आहे. तिन्ही क्षितिजांवरील कामे एकाच वेळी चालू ठेवावीत, एक संपल्यावर दुसरे हाती घेऊ नये, हा या पुस्तकाचा मुख्य आग्रह होता.

याच नावाची आणखी एक पद्धत भविष्य-अभ्यासाच्या क्षेत्रात प्रचलित आहे. बिल शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या त्या पद्धतीत समाजातील जुनी व्यवस्था मावळून नवी कशी रुजते, याचा विचार केला जातो. कंपनीच्या गुंतवणुकीची वाटणी हा तिचा विषय नाही. दोन्ही पद्धतींची नावे सारखी असल्याने त्यांची गल्लत होते.

मूळ मांडणीत क्षितिजे काळाशी जोडलेली होती. व्यवहारात मात्र ती अनिश्चिततेच्या प्रकाराशी जोडणे अधिक उपयुक्त ठरते. पहिल्या क्षितिजात वस्तू आणि ग्राहक दोन्ही माहीत असतात आणि प्रश्न खर्चाचा व दर्जाचा असतो. दुसऱ्यात वस्तू बनवता येते हे सिद्ध झालेले असते, पण ती किती संख्येने खपेल हे ठाऊक नसते. तिसऱ्यात वस्तू टिकेल का आणि तिला ग्राहक असेल का, हे दोन्ही प्रश्न खुले असतात. म्हणून तिन्ही क्षितिजांना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

## सुट्या भागांच्या उद्योगाची वैशिष्ट्ये

या उद्योगात बदलाचा वेग सुटे भाग बनवणारा कारखाना ठरवत नाही. तो वाहन कंपनी आणि शासकीय धोरण यांवर अवलंबून असतो. भारतात बीएस-४ नंतर बीएस-५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. तसेच जून २०२३ मध्ये फेम-२ योजनेतील विद्युत दुचाकींचे अनुदान कमी करण्यात आले. अशा निर्णयांमुळे मागणीचे अंदाज अल्पावधीत बदलतात आणि पुरवठादाराला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे नवा भाग विक्रीला येण्यापूर्वीचा दीर्घ काळ. वाहन कंपनी प्रथम दर मागवते, मग पुरवठादाराची निवड करते. त्यानंतर नमुने तपासले जातात, कारखान्यातील प्रक्रियेला मान्यता मिळते आणि शेवटी नियमित उत्पादन सुरू होते. यात साधारणपणे दीड ते अडीच वर्षे जातात. यंत्रे मात्र मान्यतेच्या आधीच घ्यावी लागतात, कारण मान्यता प्रत्यक्ष उत्पादनाच्या यंत्रांवर काढलेल्या भागांनाच मिळते.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे गुंतवणुकीचे तुकडे पाडता येत नाहीत. निम्मे पैसे लावून उभी केलेली अर्धी यंत्ररांग निम्मे भाग बनवत नाही, ती एकही भाग पूर्ण करू शकत नाही. मोठ्या कंपनीसाठी ही अडचण किरकोळ असते. मध्यम कारखान्यात एक यंत्ररांग म्हणजे दुसऱ्या क्षितिजाची दोन वर्षांची संपूर्ण तरतूद असू शकते.

## उदाहरण: इंजिन व्हॉल्व्हचा कारखाना

पुढील कारखाना आणि त्याचे आकडे केवळ विवेचनासाठी घेतलेले आहेत. वार्षिक विक्री ४८० कोटी रुपये असलेला एक कारखाना दुचाकी, मोटार आणि ट्रॅक्टर यांच्या इंजिनांसाठी व्हॉल्व्ह बनवतो, असे समजू. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या चार सिलिंडरच्या मोटारीत १६ व्हॉल्व्ह लागतात. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीत एकही लागत नाही.

### पहिले क्षितिज

व्हॉल्व्ह बनवताना पोलादी सळईचे टोक विजेने तापवून फुगवतात आणि मग दाबून त्याला डोक्याचा आकार देतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला प्रखर उष्णता सोसावी लागते. त्यामुळे डोके उष्णतारोधक पोलादाचे आणि दांडा दुसऱ्या पोलादाचा घेऊन ते घर्षणाने जोडण्याची पद्धत आहे. शेवटी दांड्याचे ग्राइंडिंग काही मायक्रॉनच्या अचूकतेने केले जाते. घर्षण-जोडणी आणि सूक्ष्म ग्राइंडिंग ही या कारखान्याची खरी कौशल्ये होत. पुढील दोन्ही क्षितिजे त्यांतूनच निघतात.

पहिल्या क्षितिजाचा अर्थ जुने काम आहे तसे चालू ठेवणे असा नाही. सीएनजी कोरडे इंधन असल्याने व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज पेट्रोलपेक्षा अधिक होते आणि तेथे अधिक कठीण मिश्रधातूचा थर द्यावा लागतो. असे व्हॉल्व्ह बनवणे हा मूळ व्यवसायाचाच विस्तार आहे. त्याखेरीज रस्त्यावर असलेल्या वाहनांच्या दुरुस्तीसाठी व्हॉल्व्हची मागणी नव्या वाहनांतील वापर घटल्यावरही बरीच वर्षे टिकते. हायब्रिड वाहनातही इंजिन असतेच. त्यामुळे घट एका वर्षात होत नाही. ती उपयोगागणिक वेगळ्या गतीने होते आणि तिचा हिशेबही दुचाकी, मोटार, ट्रॅक्टर व दुरुस्ती-बाजार असा वेगवेगळा मांडावा लागतो.

### दुसरे क्षितिज

विद्युत मोटरच्या फिरत्या भागाचा दांडा, म्हणजे रोटर शाफ्ट, हे या कारखान्याचे दुसरे क्षितिज आहे. त्याला अचूक ग्राइंडिंग लागते आणि ते कौशल्य येथे आहे. मात्र शाफ्टवरील खाचा पाडणे, विशिष्ट भाग विद्युत प्रवर्तनाने कठीण करणे आणि वेगाने फिरताना तोल राहील याची चाचणी घेणे ही कामे नवी आहेत.

यंत्ररांगेला दोन वर्षांत २८ कोटी रुपये लागतात. तिची क्षमता वर्षाला ३ लाख शाफ्टची आहे. शाफ्टची किंमत १,२०० रुपये आणि प्रत्येक शाफ्टमागे होणारा बदलता खर्च ७८० रुपये धरला, तर एका शाफ्टमागे ४२० रुपये उरतात. घसारा, व्याज, पगार इत्यादी वार्षिक स्थिर खर्च ८.४ कोटी रुपये आहे. तो भरून निघण्यासाठी वर्षाला २ लाख शाफ्ट, म्हणजे क्षमतेच्या दोन तृतीयांश, विकले जाणे आवश्यक ठरते.

वाहन कंपनीने दर मागवताना वर्षाला २ लाख ४० हजारांचा अंदाज दिला असेल, तर हे गणित सुरक्षित वाटते. पण वाहन अपेक्षेइतके खपले नाही आणि प्रत्यक्ष मागणी ९० हजारांवर राहिली, तर वर्षाला सुमारे ४.६ कोटींचा तोटा होतो. ग्राहकाचा अंदाज हा खरेदीचा करार नसतो. म्हणून मागणी ठरावीक पातळीखाली गेल्यास दराचा फेरविचार करण्याचे कलम करारात असणे आणि तीच यंत्ररांग दुसऱ्या ग्राहकाच्या शाफ्टसाठी वापरता येणे, या दोन गोष्टींवर दुसऱ्या क्षितिजाची सुरक्षितता अवलंबून असते.

### तिसरे क्षितिज

तिसऱ्या क्षितिजातील खर्चाकडे गुंतवणुकीपेक्षा पर्याय-हक्क म्हणून पाहिले जाते. शेअर बाजारात थोडे पैसे देऊन पुढे खरेदी करण्याचा हक्क राखून ठेवता येतो. तोच विचार प्रत्यक्ष मालमत्तेला लावताना स्टुअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये 'रिअल ऑप्शन' ही संज्ञा वापरली. हक्क घेतला म्हणजे खरेदी करावीच लागते असे नाही. दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात पुढे निर्णय घेण्याची मुभा आणि त्यासाठी लागणारी माहिती मिळते.

या कारखान्यापुढे असे दोन हक्क आहेत. पहिला हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनाच्या व्हॉल्व्हचा. हायड्रोजनच्या ज्वलनात काजळी जवळजवळ नसते. इतर इंधनांत तिचा पातळ थर बैठकीला काहीसे संरक्षण देतो. तो नसल्याने झिजेचा प्रश्न तीव्र होतो. अशोक लेलँड आणि रिलायन्स यांनी हायड्रोजन इंजिनावर चालणारा ट्रक फेब्रुवारी २०२३ मध्ये सादर केला होता, परंतु मोठ्या प्रमाणावरील मागणी अद्याप दूर आहे. दुसरा हक्क बॅटरीतील ॲल्युमिनियम आणि तांबे यांच्या जोडणीचा. हे धातू वितळवून जोडल्यास सांध्यात ठिसूळ संयुगाचा थर तयार होतो. घर्षण-जोडणीत धातू वितळत नसल्याने तो थर मर्यादित ठेवता येतो. कारखान्याचे जुने कौशल्य येथे नव्या कामी येण्याची शक्यता आहे.

प्रत्येक हक्काबरोबर थांबण्याची अट आधीच लिहून ठेवली जाते. हायड्रोजनच्या व्हॉल्व्हबाबत २४ महिन्यांत एकाही इंजिन कंपनीने चाचणीचा काही खर्च उचलला नाही, तर काम थांबते. जोडणीबाबत वारंवार तापवून-थंड करून केलेल्या चाचणीत सांध्याचा विद्युत रोध ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला, तर काम थांबते. अट आधी लिहिलेली नसेल तर प्रयोग बंद करण्याचा निर्णय सतत पुढे ढकलला जातो.

## पैशाची वाटणी

विक्रीवर १४ टक्के, म्हणजे सुमारे ६७ कोटी रुपये व्याज-कर-घसारापूर्व नफा धरला आणि त्यातून व्याज, कर, लाभांश व खेळत्या भांडवलातील वाढ यांसाठी २७ कोटी वजा केले, तर गुंतवणुकीसाठी वर्षाला ४० कोटी रुपये उरतात.

अशा वाटणीसाठी ७०-२०-१० हे प्रमाण वारंवार सांगितले जाते. बन्सी नागजी आणि जेफ टफ यांनी २०१२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील लेखात ते मांडले होते. उद्योगानुसार हे प्रमाण बदलते, हेही त्यांनीच नमूद केले होते. उदाहरणातील कारखान्याला ते जसेच्या तसे लावले, तर काय होते हे पुढील कोष्टकावरून दिसते.

| बाब | ७०-२०-१० प्रमाणे (कोटी रु.) | कारखान्याच्या गरजेप्रमाणे (कोटी रु.) |
|---|---|---|
| पहिले क्षितिज | २८ | २० |
| दुसरे क्षितिज | ८ | १४ |
| तिसरे क्षितिज | ४ | २ |
| राखीव | ० | ४ |
| एकूण | ४० | ४० |

दुसऱ्या क्षितिजाला वर्षाला ८ कोटी दिले तर २८ कोटींची यंत्ररांग उभी राहण्यास साडेतीन वर्षे लागतील. वाहन कंपनीचे उत्पादन त्यापूर्वीच दुसऱ्या पुरवठादाराच्या शाफ्टवर सुरू झालेले असेल. उलट तिसऱ्या क्षितिजातील दोन प्रयोगांना ४ कोटी लागत नाहीत. पहिल्या क्षितिजासाठी १६ कोटी यंत्रांची देखभाल व बदली यांना आणि ४ कोटी सीएनजी व्हॉल्व्हला पुरतात. म्हणून वाटणीची सुरुवात टक्केवारीपासून करता येत नाही. जी कामे अर्धवट करून उपयोग नाही, त्यांची पूर्ण किंमत आधी मांडावी लागते.

## क्षितिजांमधील परस्परसंबंध

तिन्ही क्षितिजे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. उदाहरणातील मूळ व्यवसायात विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे बदलता खर्च वजा जाता ३५ पैसे उरतात, असे धरून तीन परिस्थितींचा विचार करता येतो.

विद्युत वाहने झपाट्याने वाढली आणि व्हॉल्व्हची विक्री १० टक्क्यांनी, म्हणजे ४८ कोटींनी घटली, तर मूळ व्यवसायाचा नफा १६.८ कोटींनी कमी होतो. त्याच वेळी शाफ्टची विक्री २ लाख ८० हजारांवर गेली, तर त्यातून सुमारे ३.४ कोटी मिळतात. नुकसान अंशतःच भरून निघते. एक यंत्ररांग पूर्ण क्षमतेने चालली तरी तिची विक्री ३६ कोटींचीच आहे. 'विद्युत वाहनांचे भागही आम्ही बनवतो' असे कंपनी म्हणू शकते, पण मूळ व्यवसायाची जागा त्या भागांनी घेतली, असा त्याचा अर्थ होत नाही.

विद्युत वाहने मंदगतीने वाढली तर व्हॉल्व्हची विक्री टिकते आणि शाफ्टमध्ये ४.६ कोटींचा तोटा होतो. त्यातील २.८ कोटी घसारा असल्याने तिजोरीतून प्रत्यक्ष जाणारी रक्कम १.८ कोटी असते. हा एक प्रकारचा विमा-हप्ता मानता येतो. या दोन्ही परिस्थितींत एक क्षितिज दुसऱ्याला काही आधार देते.

तिसरी परिस्थिती सर्वसाधारण मंदीची. तीत सर्वच वाहनांचा खप घटतो. व्हॉल्व्हमधील १६.८ आणि शाफ्टमधील ४.६ कोटी मिळून करपूर्व नफ्यात सुमारे २१ कोटींचा खड्डा पडतो. अशा वेळी तिसऱ्या क्षितिजावर प्रथम कुऱ्हाड चालवली जाते. परंतु तेथून फार तर २ कोटी वाचतात आणि दोन-तीन वर्षांत जमवलेली माहिती व माणसे हातची जातात. म्हणून मंदीत यंत्रांची कोणती बदली लांबणीवर टाकता येईल आणि किती कर्ज घेता येईल, हे चांगल्या वर्षातच ठरवून ठेवले जाते.

## अपयशाची लक्षणे

जेफ्री मूर यांनी २००७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे कंपन्यांचे सर्वाधिक नुकसान दुसऱ्या क्षितिजावर होते. पहिले क्षितिज नफा देते, तिसरे स्वस्त असते. दुसरे मात्र पैसा आणि माणसे दोन्ही खाते आणि त्या वर्षी काहीच परत देत नाही.

कारखान्यात हे अपयश प्रथम हिशेबवहीत दिसत नाही, ते ग्राइंडिंग यंत्राजवळ दिसते. शाफ्टचे नमुने ज्या यंत्रावर व्हायचे, त्याच यंत्रावर महिनाअखेरीस व्हॉल्व्हची तातडीची मालपाठवणी येते. नमुने मागे पडतात. नव्या कामावर नेमलेला अनुभवी कारागीर 'आठवड्यापुरता' जुन्या विभागात परत बोलावला जातो. असे दोन-तीनदा घडले की नमुन्यांच्या मान्यतेची तारीख चुकते आणि वाहन कंपनी दुसरा पुरवठादार शोधते. त्यामुळे नव्या कामासाठी यंत्राच्या पाळ्या आणि माणसे लेखी राखून ठेवली आहेत का, ही पहिली तपासणी असते. तिला मनुष्यबळाचीही बाजू आहे. व्हॉल्व्ह विभागातील कारागिरांना शाफ्टचे काम तो विभाग चालू असतानाच शिकवावे लागते. विभाग बंद पडण्याच्या वेळी शिकवण्यासाठी पैसा आणि अवधी उरलेला नसतो.

दुसरे लक्षण मोजपट्टीचे. शाफ्टच्या कामाला पहिल्याच वर्षी भांडवलावरील परतावा विचारला, तर ते नापासच ठरते. त्याऐवजी मान्यतेचे टप्पे, नाकारल्या जाणाऱ्या भागांचे प्रमाण आणि दुसऱ्या ग्राहकाची निवड यांवर त्याचे मोजमाप केले जाते.

तिसरे लक्षण पहिल्या क्षितिजावर उमटते. मूळ व्यवसाय 'मावळता' म्हणून त्याची देखभाल कमी केली की सुरुवातीला नफा वाढल्यासारखा वाटतो. नंतर नाकारलेल्या व्हॉल्व्हची संख्या वाढते, पाठवणीला उशीर होतो आणि ज्या ग्राहकाकडून शाफ्टचे काम मिळवायचे आहे, त्याचाच विश्वास कमी होतो. बहुतेकदा दोन्ही भागांची खरेदी एकाच वाहन कंपनीचा विभाग करत असतो.

## मोठ्या कंपन्यांचे मार्ग

मोठ्या कंपन्यांना क्षितिजे वेगळ्या कंपन्यांत विभागता येतात. डेल्फाय या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये इंजिनाशी संबंधित व्यवसाय डेल्फाय टेक्नॉलॉजीज या नावाने वेगळा केला आणि उर्वरित कंपनीने ॲप्टिव्ह हे नाव घेतले. २०२० मध्ये डेल्फाय टेक्नॉलॉजीज बोर्गवॉर्नरने विकत घेतली. पुढे बोर्गवॉर्नरनेही २०२३ मध्ये इंधन-यंत्रणा आणि दुरुस्ती-बाजार हे व्यवसाय फिनिया या स्वतंत्र कंपनीकडे दिले. भारतातील सोना बीएलडब्ल्यू या कंपनीचा मार्ग वेगळा आहे. तिचे डिफरन्शियल गिअर इंजिनाच्या आणि विद्युत अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांत लागतात. २०२३ मध्ये तिने रडार संवेदक बनवणाऱ्या नोव्हेलिक या सर्बियातील कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. मध्यम कारखान्याला असे विभाजन किंवा अशी खरेदी क्वचितच परवडते. त्याची तिन्ही क्षितिजे एकाच छपराखाली आणि बऱ्याचदा एकाच यंत्रावर असतात.

## टीका आणि मर्यादा

स्टीव्ह ब्लँक यांनी २०१९ मध्ये या प्रतिमानावर टीका केली. उपलब्ध तंत्रज्ञान नव्या रीतीने वापरून तिसऱ्या क्षितिजावरील कल्पना आता फार लवकर बाजारात आणता येतात, त्यामुळे क्षितिजांना वर्षांशी जोडणे दिशाभूल करणारे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. सुट्या भागांच्या उद्योगात चाचण्या आणि मान्यता यांना लागणारा काळ कमी होत नसल्याने ही टीका येथे अंशतःच लागू पडते.

या प्रतिमानाची एक मर्यादा अधिक मूलभूत आहे. त्यात पहिल्या क्षितिजातून पुरेसा पैसा येतच राहील, असे गृहीत धरलेले असते. कर्जबाजारी किंवा एकाच ग्राहकावर अवलंबून असलेल्या कारखान्याजवळ वाटण्यासाठी ४० कोटी नसतात, केवळ देखभालीपुरते पैसे असतात. त्याच्यापुढील मार्ग भागीदार शोधणे, दुरुस्ती-बाजारापुरते आकुंचन करणे किंवा व्यवसाय योग्य वेळी विकणे हे असतात. त्यांपैकी कोणता निवडावा, याचे उत्तर तीन क्षितिजांच्या मांडणीतून मिळत नाही.